प्रबंधातील ‘मर्यादा’: एका परिच्छेदाचे पुनर्लेखन

मराठीत किंवा उर्दूत लिहिलेल्या बहुतेक प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणात ‘संशोधनाची व्याप्ती व मर्यादा’ हे उपशीर्षक असते. त्याखालचा मजकूर साधारणपणे असा असतो: “वेळ, पैसा व श्रम यांच्या मर्यादेमुळे प्रस्तुत संशोधन आळंद तालुक्यापुरते मर्यादित ठेवण्यात आले आहे. निवडलेल्या भाषकांनी दिलेल्या माहितीवर संशोधकास विसंबून राहावे लागले. नमुना लहान असल्याने निष्कर्षांचे सार्वत्रिकीकरण करता येणार नाही.” मार्गदर्शक हे वाचून पुढे जातात, बहिःस्थ परीक्षकही पुढे जातात. मौखिक परीक्षेत एखाद्याने याच ठिकाणी बोट ठेवले, तर उत्तर काय द्यावे हे उमेदवाराला सुचत नाही. कारण तो परिच्छेद त्याने विचार करून लिहिलेला नसतो, आधीच्या प्रबंधातून उचललेला असतो.

या परिच्छेदाची परीक्षा सोपी आहे. त्यातले ‘आळंद’ काढून ‘अंबाजोगाई’ घालावे, ‘भाषक’ काढून ‘शेतकरी’ घालावे, आणि तो दुसऱ्या विषयाच्या प्रबंधात बसतो का ते पाहावे. बसत असेल तर त्यात या प्रबंधाविषयी काहीही सांगितलेले नाही. जगातल्या कोणत्याही संशोधकाजवळ वेळ व पैसा अमर्याद नसतो. त्या टंचाईमुळे नेमका कोणता निष्कर्ष लंगडा झाला, हे वाचकाला हवे असते.

असा मजकूर तयार होण्याचे एक कारण लेखनाच्या क्रमात आहे. नोंदणीसाठी संशोधन आराखडा सादर करावा लागतो आणि त्यात ‘मर्यादा’ हा रकाना भरावाच लागतो. तेव्हा एकही मुलाखत झालेली नसते. पुढे तीन-चार वर्षांनी प्रबंध बांधायला जातो तेव्हा आराखड्यातला परिच्छेद तसाच पहिल्या प्रकरणात उतरतो, फार तर ‘येईल’च्या जागी ‘आले आहे’ होते. दुसरे कारण उर्दू वाचकांच्या अधिक ओळखीचे आहे. दीबाचात, म्हणजे प्रस्तावनेत, लेखकाने स्वतःला ‘नाचीज़’ म्हणावे, आपल्या ‘कम-मायगी’चा उल्लेख करावा, ही जुनी रीत आहे. मराठीतही ‘अल्पमती’ म्हणण्याचा प्रघात आहे. प्रस्तावनेत ती नम्रता शोभते. पण ती मर्यादांच्या परिच्छेदात शिरली की लेखक स्वतःला कमी लेखतो आणि कामातली खरी उणीव मात्र सांगायची राहून जाते.

पुनर्लेखनाला बसण्यापूर्वी दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. संशोधकाने समजून-उमजून आखलेले कुंपण एक, आणि त्या कुंपणाच्या आत राहूनही त्याला जे साधले नाही ते दुसरे. शिक्षणशास्त्राच्या मराठी प्रबंधांत पहिल्याला ‘परिमर्यादा’ व दुसऱ्याला ‘मर्यादा’ म्हणण्याची पद्धत आहे. भाषा-साहित्याच्या प्रबंधांत दोन्ही एकाच परिच्छेदात कोंबलेली दिसतात. ‘अभ्यास आळंद तालुक्यापुरता आहे’ ही निवड आहे आणि तिची जागा व्याप्तीत आहे. तिच्याबद्दल दिलगिरी व्यक्त करण्याचे कारण नाही, निवडीचे कारण सांगितले की पुरे. ‘आळंद तालुक्यातल्या स्त्रियांपर्यंत पोचता आले नाही’ ही मात्र मर्यादा आहे, कारण तालुक्याची बोली अभ्यासू असे म्हटल्यावर स्त्रिया त्या कुंपणाच्या आतच येतात.

हे सर्व एखाद्या उदाहरणावरच स्पष्ट होईल. त्यासाठी सीमाभागातील भाषासंपर्काचा विषय सोयीचा आहे, कारण त्यात एक गाजलेला खरा अभ्यास आधीच झालेला आहे. जॉन गंपर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड या सुमारे ३ हजार वस्तीच्या गावातील कन्नड, मराठी व उर्दू या भाषांवर १९७१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. शतकानुशतकांच्या शेजारामुळे या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली आहे की एका भाषेतील वाक्याचे शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत रूपांतर करता येते, असे त्यांनी मांडले. शब्द वेगळे राहिले, व्याकरण मात्र एक होत गेले. त्यांच्या नोंदींत उर्दूच्या अभ्यासकाला विशेष रस वाटावा अशी एक गोष्ट आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत भेद आहे. ‘आम्ही जातो’ यात ऐकणारा धरलेला नाही, ‘आपण जाऊ’ यात तो धरलेला आहे. प्रमाण उर्दूत दोन्हीसाठी ‘हम’च. कुपवाडच्या उर्दूत मात्र मराठीसारखा हा भेद आढळतो, अशी नोंद या दोघांनी केली.

हा निबंध जगभरच्या भाषाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत गेला. एका गावाविषयीचे विधान पुढे वाचणाऱ्यांनी भाषासंपर्काचा जणू नियमच म्हणून वापरले. सुमारे चाळीस वर्षांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडला पुन्हा जाऊन शब्दाला शब्द रूपांतराच्या या कल्पनेची चिकित्सा केली. त्यांचा निबंध २०१५ साली प्रसिद्ध झाला. तोवर कुपवाड हे स्वतंत्र खेडे उरले नव्हते. १९९८ मध्ये सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका झाली होती. आपल्या निष्कर्षाला कुठपर्यंत नेता येईल हे लेखकाने स्वतः लिहून ठेवले नाही, तर वाचक ते आपल्या सोयीने ठरवतो, आणि मग दुरुस्तीला दुसऱ्या कोणाला तरी गावात जावे लागते.

आता आळंदचा एक प्रबंध कल्पू या. तो केवळ नमुन्यासाठी आहे, त्यातले आकडेही नमुन्याचेच आहेत. आळंद तालुक्याच्या पश्चिमेस अक्कलकोट व उत्तरेस उमरगा, म्हणजे दोन बाजूंना महाराष्ट्र. घरात दख्खनी उर्दू, बाजारात मराठी व कन्नड, कचेरीत कन्नड, असा येथील अनेक मुस्लिम कुटुंबांचा व्यवहार असतो. प्रबंधाचा प्रश्न असा की येथील दख्खनी भाषकांच्या बोलण्यात ‘हम’ व ‘अपन’ असा भेद पाळला जातो का, आणि मराठीशी रोजचा व्यवहार असणाऱ्यांत तो अधिक आहे का. आळंद शहर, खजुरी, मादन हिप्परगा व सरसंबा येथील ३६ दख्खनी भाषकांची प्रत्येकी ४० मिनिटांची संभाषणे ध्वनिमुद्रित केली. जेथे ऐकणाराही ‘आपल्यात’ धरलेला आहे अशी प्रत्येक जागा मोजली आणि तेथे ‘अपन’ आले की ‘हम’ आले ते नोंदले. रोज मराठी बोलावी लागणाऱ्यांत ‘अपन’चे प्रमाण स्पष्टपणे अधिक निघाले. हे या प्रबंधाचे योगदान. ते लहान आहे, पण खरे आहे: कुपवाडला दिसलेली गोष्ट दीडशेहून अधिक किलोमीटर दूर, वेगळ्या संस्थानी इतिहासाच्या प्रदेशातही दिसते, आणि ती कोणाच्या बोलण्यात अधिक दिसते हेही मोजून सांगता येते.

अशा संशोधकाने जुना ठोकळेबाज परिच्छेद काढून प्रामाणिकपणे लिहायचे ठरवले की पहिल्या खेपेस लंबक दुसऱ्या टोकाला जातो. तो लिहितो: “नमुना अत्यंत लहान आहे. भाषकांनी संशोधकासमोर नैसर्गिक बोलणे केले असेल असे म्हणता येत नाही. अनेक जण मुंबईला राहून आलेले आहेत. स्त्रियांची संख्या नगण्य आहे. त्यामुळे प्रस्तुत निष्कर्षांची विश्वसनीयता मर्यादित मानावी.” यातले पहिले चार मुद्दे खरे आहेत. पाचवे वाक्य त्या चौघांची बेरीज करून सगळा प्रबंध बुडवते. बेरीज करण्याऐवजी प्रत्येक मुद्द्याला तीन प्रश्न विचारायला हवेत. ही उणीव नेमक्या कोणत्या विधानाला लागते? ती त्या विधानाला कोणत्या दिशेने ओढते, म्हणजे प्रमाण फुगवते की घटवते? आणि हाती असलेल्या सामग्रीतूनच ते तपासता येते का? प्रत्येक मुद्द्याचे उत्तर वेगळे येते, म्हणून प्रत्येकाची भाषाही वेगळी लागते.

ध्वनिमुद्रणाचा मुद्दा आधी घेऊ. बोलीचा अभ्यास करणाऱ्याला लोक कोणी पाहत नसताना कसे बोलतात ते हवे असते, आणि ते मिळवायला त्याला तेथे बसून पाहावेच लागते. विल्यम लाबॉव या अमेरिकी भाषावैज्ञानिकाने हा पेच १९७२ च्या सुमारास नेमका मांडला. आळंदमध्ये त्याचे रूप असे असेल: महाविद्यालयातला माणूस यंत्र घेऊन आला की बोलणारा आपोआप किताबी उर्दूकडे झुकतो, आणि किताबी उर्दूत ‘अपन’ला जागा नाही. म्हणजे ही उणीव ‘अपन’चे प्रमाण घटवणारी आहे, फुगवणारी नाही. जे मोजले गेले ते नित्याच्या बोलण्यातल्यापेक्षा कमी असण्याचा संभव अधिक. असे असेल तर या उणिवेने मुख्य निष्कर्ष डळमळत नाही, उलट तो किमान ठरतो.

पण दिशा केवळ गृहीत धरून चालत नाही. काही भाषक पाहुण्याला गंमत म्हणून गावठी बोलूनही दाखवतात, आणि मग दिशा उलटते. तपासणीचा उपाय हाताशी आहे. प्रत्येक मुद्रणातील पहिली दहा मिनिटे व शेवटची दहा मिनिटे वेगळी मोजावीत. माणूस जसजसा सैलावतो तसतसे ‘अपन’ वाढत असेल, समजा सुरुवातीस दहा जागांपैकी तीन ठिकाणी आणि अखेरीस सहा ठिकाणी, तर झुकाव किताबी भाषेकडे होता असे म्हणायला आधार मिळतो. प्रमाण उतरत असेल तर उलट लिहावे लागेल. एक अट येथेही आहे. घट साऱ्या भाषकांत सारखीच झाली का, हेही पाहावे लागते. ज्यांचा मराठीशी व्यवहार कमी तेच जर मदरशात वा उर्दू माध्यमात अधिक शिकलेले असतील आणि तेच अधिक किताबी बोलले असतील, तर दोन गटांतला फरकच यंत्रासमोर फुगलेला असेल. सैलावल्यावरच्या शेवटच्या दहा मिनिटांत दोन्ही गटांची तुलना पुन्हा केली आणि फरक उरला, तर या शंकेलाही उत्तर मिळते.

मुंबईचा मुद्दा अधिक कठीण आहे, आणि नवखा संशोधक नेमका तोच एका वाक्यात आटोपतो. या भागातून कामासाठी मुंबई, पुणे, सोलापूरकडे जाणे नवीन नाही. मुंबईच्या बोलीहिंदीत ‘अपन’ आहेच. मग आळंदच्या माणसाने हे रूप शेजारच्या मराठीतून घेतले की मुंबईच्या चाळीतून आणले? येथे शंका प्रमाणावर नाही, कारणावर आहे. योगदानाच्या गाभ्याला भिडणारी हीच शंका आहे, म्हणून तिला सर्वांत अधिक जागा द्यावी लागते. तपासणीचे दोन मार्ग आहेत. मुंबई-पुण्यात सहा महिन्यांहून अधिक राहिलेले भाषक, समजा ११, बाजूला काढून उरलेल्या २५ जणांत तोच फरक टिकतो का पाहावे. दुसरा मार्ग अर्थाचा आहे. मुंबईच्या बोलण्यात ‘अपन’ किंवा ‘अपुन’ याचा अर्थ पुष्कळदा नुसता ‘मी’ असा होतो. आळंदच्या मुद्रणांत हा एकवचनी अर्थ जवळजवळ येतच नसेल आणि ऐकणाऱ्याला धरणारा अर्थच येत असेल, तर मराठी ‘आपण’शी नाते अधिक जवळचे ठरते. त्यासाठी मोजणी करतानाच दोन अर्थ वेगळे नोंदलेले असावे लागतात. मागाहून ३६ मुद्रणे पुन्हा ऐकण्याची पाळी बहुतेकांवर येते, आणि ती टाळण्यासाठीच ‘काहींवर मुंबईचा प्रभाव असू शकतो’ हे वाक्य जन्माला येते.

एवढे करूनही काही उरतेच. जो स्वतः कधी मुंबईला गेला नाही त्याचा चुलत भाऊ गेलेला असतो, सिनेमा सगळे पाहतात. हा प्रभाव ३६ माणसांच्या सामग्रीतून वेगळा काढता येणार नाही, तसे स्पष्ट म्हणावे. शिवाय ११ जण वगळल्यावर प्रत्येक गटात बारा-तेरा माणसेच उरतात. तेवढ्यांवर फरक ‘दिसतो’ म्हणता येते, ‘सिद्ध होतो’ म्हणता येत नाही.

लाडले मशायख यांच्या दर्ग्यामुळे आळंदला येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ असते, त्यात महाराष्ट्रातले भाविकही पुष्कळ. दर्ग्याच्या आवारात मुद्रण केले असेल तर बोलणारा मूळचा कोठला हे प्रत्येक नोंदीत असले पाहिजे. हा मुद्दा मर्यादांत लिहिण्याचा नाही, कार्यपद्धतीत सांभाळण्याचा आहे.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र वरील दोन्ही युक्त्या चालत नाहीत. समजा ३६ पैकी ७ स्त्रिया आहेत, मुलाखत घेणारा पुरुष आहे, आणि सातही वेळा घरातले कोणी पुरुष माणूस शेजारी बसलेले होते. स्त्रियांचा बाजाराशी व मराठीशी संबंध वेगळ्या प्रकारचा असतो. काहींचा कमी, काहींचा, उदाहरणार्थ माहेर अक्कलकोटकडचे असेल तर, पुरुषांहून अधिक. ही उणीव प्रमाण कोणत्या दिशेला ओढते ते सांगता येत नाही आणि सात जणींवरून तपासताही येत नाही. अशा वेळी मर्यादांच्या परिच्छेदात कितीही सुंदर वाक्य लिहिले तरी उपयोग नाही, विधानच मागे घ्यावे लागते. प्रबंधाच्या समारोपात ‘आळंदच्या घराघरांत बोलली जाणारी दख्खनी’ असे लिहिलेले असेल तर ते खोडून ‘बाजारात व शेतीकामात मराठी वापरणाऱ्या पुरुषांची दख्खनी’ असे करावे. पुष्कळ प्रबंध येथेच घसरतात. मर्यादा पहिल्या प्रकरणात कबूल केलेली असते आणि शेवटच्या प्रकरणात ती नसल्यासारखे लिहिलेले असते. परीक्षकाने दोन पाने समोरासमोर ठेवली की विसंगती उघडी पडते.

चौथी उणीव पहिल्या मसुद्यात आलेलीच नव्हती, ती काळाची. मुद्रणांत समजा तरुणांपेक्षा वृद्धांच्या बोलण्यात ‘अपन’ अधिक आढळले. त्यावरून ‘१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मराठीचा संपर्क घटला व हा भेद पुसट होत चालला’ असे लिहिण्याचा मोह होतो. आळंद १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते, नंतर म्हैसूर राज्यात गेले, १९७३ पासून त्या राज्याचे नाव कर्नाटक आहे. इतिहास बरोबर आहे, विधान मात्र निराधार आहे. वृद्ध माणूस तरुणपणीही असाच बोलत होता हे कोणी ऐकले आहे? काही रूपे माणसे वयाबरोबर बदलतात. जुन्या नोंदीशी तुलना करता आली असती तर गोष्ट वेगळी. पण ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाकडे वळावे तर तेथेही दार बंद आहे. त्यातला मराठीचा सातवा खंड स्टेन कोनो यांनी तयार केला आणि तो १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र हैदराबाद व म्हैसूर ही संस्थाने आणि मद्रास इलाखा या सर्वेक्षणाच्या प्रत्यक्ष पाहणीत नव्हते. एवढ्या प्रचंड कामाने आपली मोठी पोकळी झाकून ठेवली नाही. म्हणूनच आज आळंदचा अभ्यासक तेथे जुना पुरावा नाही हे आधीच जाणून दुसरीकडे शोधू शकतो. प्रबंधकर्त्याने ‘वयोगटांत फरक दिसतो’ एवढे विधान ठेवावे आणि ‘बदल’ हा शब्द काढून टाकावा.

या सगळ्यानंतर परिच्छेद असा होतो:

“प्रस्तुत निष्कर्ष चार ठिकाणच्या ३६ भाषकांच्या संभाषणावर आधारलेले आहेत. मुद्रणाच्या पहिल्या दहा मिनिटांपेक्षा शेवटच्या दहा मिनिटांत ‘अपन’चे प्रमाण दोन्ही गटांत वाढते. त्यावरून भाषक सुरुवातीस किताबी उर्दूकडे झुकले असे दिसते, म्हणून येथे दिलेले एकूण प्रमाण नित्याच्या बोलण्यातील किमान प्रमाण समजावे. ‘अपन’ मुंबईच्या हिंदीतूनही येऊ शकते. मुंबई-पुण्यात राहिलेले ११ भाषक वगळल्यावरही दोन गटांतील फरक टिकतो आणि ‘मी’ या अर्थीचा वापर क्वचितच आढळतो. तथापि उरलेल्या २५ भाषकांवर हा फरक निर्णायक मानता येत नाही, आणि शहरातून परतलेल्या आप्तांकडून आलेला प्रभाव वेगळा करता आलेला नाही. भाषकांत स्त्रिया ७ असून त्यांच्याशी बोलणे घरातील पुरुषांच्या उपस्थितीत झाले. स्त्रियांच्या बोलीविषयी या प्रबंधात विधान केलेले नाही. आळंद परिसरातील दख्खनीची जुनी तुलनायोग्य नोंद हाती नसल्याने वयोगटांतील फरकाला कालानुसार झालेला बदल म्हटलेले नाही.”

पहिल्या मसुद्यापेक्षा हा परिच्छेद अधिक उणिवा सांगतो, तरी प्रबंध अधिक भक्कम वाटतो. प्रत्येक उणिवेसोबत ती कोठवर पोचते हेही सांगितलेले असल्यामुळे वाचक तिला त्यापलीकडे ताणू शकत नाही. यात ‘विश्वसनीयता मर्यादित’ असे सरसकट वाक्य कोठेही नाही. तसेच ‘तरीही प्रस्तुत संशोधन महत्त्वाचे आहे’ असे शेवटी जोडलेले शेपूटही नाही. योगदान सांगायचे ते आधीच्या परिच्छेदात, साध्या विधानार्थी क्रियापदांत सांगून टाकावे. ‘तरीही’ने सुरू होणारे महत्त्व वाचकाला विनवणीसारखे ऐकू येते.

क्रियापदांकडे थोडे लक्ष हवे. शंका दाखवण्यासाठी मराठीत ‘असावे’, ‘दिसते’, ‘संभवते’ अशी सोय आहे आणि एका वाक्याला एक पुरते. ‘असू शकण्याची शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही’ या रचनेत शंका तीनदा व्यक्त झाली आहे आणि शेवटी लेखकाला काय वाटते ते कळत नाही. वरील परिच्छेदात ‘टिकतो’ हे पक्के क्रियापद आहे, कारण ते मोजलेल्या गोष्टीविषयी आहे. ‘समजावे’, ‘मानता येत नाही’ ही मोजणीच्या पलीकडील अर्थाविषयी आहेत. ही सीमारेषा सांभाळली की भाषा आपोआप नेमकी होते.

जागेचा प्रश्न उरतो. विद्यापीठाच्या नमुन्यात ‘व्याप्ती व मर्यादा’ पहिल्या प्रकरणात मागितली असेल तर तेथे व्याप्ती सविस्तर लिहावी आणि मर्यादांसाठी एक वाक्य ठेवून समारोपाच्या प्रकरणाकडे बोट दाखवावे. मुंबईची शंका समजायला आधी ‘अपन’चे कोष्टक वाचलेले असावे लागते, म्हणून हा परिच्छेद निष्कर्षांनंतरच वाचनीय होतो. सारांशिकेतही त्याची एक ओळ उतरली पाहिजे, कारण पुढचे अभ्यासक पुष्कळदा तेवढीच वाचून उद्धृत करतात: ‘निष्कर्ष प्रामुख्याने पुरुष भाषकांविषयी आहेत’. शीर्षकही पुन्हा पाहावे. ‘कर्नाटकातील दख्खनीवर मराठीचा प्रभाव’ हे नाव वरील परिच्छेदाशी विसंगत आहे. ‘आळंद परिसरातील दख्खनीत ‘हम’ व ‘अपन’: मराठीशी संपर्क असणाऱ्या भाषकांचा अभ्यास’ हे नाव लांबट आहे, पण मौखिक परीक्षेत त्याच्या बचावाला अर्धा तास खर्च करावा लागणार नाही.